प्रायव्हसी पॉलिसीत कधी ‘डेटा’, कधी ‘पर्सनल इन्फर्मेशन’, कधी ‘युजर’ : शब्द एक करू की तसेच ठेवू?

तिलकनगरकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी गेली बारा वर्षं मुद्रितशोधन करते, मुख्यतः शालेय पुस्तकं आणि दिवाळी अंक. या वेळी वेगळंच काम आलंय. ओळखीतल्या एका मुलाने भंवरकुआँच्या बाजूला क्लासला येणाऱ्या मुलांसाठी डब्याचं ॲप काढलंय. त्याची प्रायव्हसी पॉलिसी इंग्रजीत आहे, अकरा पानं, नऊ कलमं. ‘काकू, स्पेलिंग आणि कॉमे तेवढे बघून द्या’ म्हणाला.

स्पेलिंग झाली. पण वाचता वाचता मी अडकले. कलम १ मध्ये व्याख्या दिली आहे: पर्सनल इन्फर्मेशन म्हणजे नाव, मोबाइल नंबर आणि ई-मेल. कलम ३ म्हणतं की आम्ही ‘युजर डेटा’ गोळा करतो, आणि त्यात पत्ता, लोकेशन, खाण्याच्या आवडीनिवडी आणि पैसे भरल्याच्या नोंदी येतात. कलम ५ म्हणतं की ‘डेटा’ डबे पोचवणाऱ्यांना दिला जातो. कलम ६ म्हणतं की ‘पर्सनल इन्फर्मेशन’ आम्ही कोणालाही देत नाही. आणि कलम ८ म्हणतं की मागणी केली तर ३० दिवसांत तुमची ‘पर्सनल इन्फर्मेशन’ काढून टाकू.

मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘एकच तर आहे सगळं, काय फरक पडतो?’ पुस्तकात मी ‘विद्यार्थी’ आणि ‘छात्र’ असं आलं की एकच करते. इथे तसं करायला हात धजावत नाहीये. तुम्ही काय कराल?

पोहेप्रेमी

ताई, यात अडकण्यासारखं काही नाही. वर्डमध्ये ‘रिप्लेस ऑल’ मारा, सगळीकडे ‘पर्सनल इन्फर्मेशन’ करून टाका. एका गोष्टीला एकच शब्द, हा नियम सगळीकडे सारखाच. आमच्या ऑफिसच्या टेंडरांत आम्ही हेच करतो.

नर्मदाकाठ

अगदी बरोबर विषय काढलात. मी मागच्या महिन्यात एका दुकानात चपला घेतल्या, बिलासाठी नंबर दिला, आणि तेव्हापासून रोज दोन मेसेज. नंबर द्यायलाच नको होता. हे बंद कसं करायचं कोणी सांगेल का?

तिलकनगरकर

नर्मदाकाठ, त्रास खरा आहे, पण माझा प्रश्न पॉलिसीच्या मजकुराचा आहे, तिच्यातले शब्द जुळवायचे की नाहीत याचा. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

दांडियाबाजार (वडोदरा)

तिलकनगरकर, हात धजावत नाहीये ते योग्यच आहे. मी सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी माहितीपुस्तिका आणि पॉलिसी लिहितो, चौदा वर्षं झाली.

पोहेप्रेमींचा नियम बरोबर आहे, पण अर्धाच. एका गोष्टीला एक शब्द हवाच. पण त्याआधी ती गोष्ट एकच आहे ना, हे ठरवावं लागतं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका पॉलिसीत ‘डेटा’ काढून सगळीकडे ‘पर्सनल इन्फर्मेशन’ घातलं. मग ‘नावं काढून एकत्र केलेला डेटा’ या ठिकाणी ‘नावं काढून एकत्र केलेली पर्सनल इन्फर्मेशन’ झालं. नाव काढलं तर ती पर्सनल उरली कशी? आणि ‘ॲप वापरताना मोबाइल डेटाचे पैसे लागू शकतात’ या वाक्याचं काय झालं असेल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. ग्राहकाने ते वाक्य लाल करून परत पाठवलं होतं.

तुमच्या केसमध्ये तर त्याहून मोठी गोष्ट आहे. कलम ३, ५, ६ आणि ८ एका ओळीत ठेवून वाचा. पत्ता कलम १ च्या व्याख्येत नाही. म्हणजे ‘पर्सनल इन्फर्मेशन कोणालाही देत नाही’ हे वाक्य अक्षरशः खरं आहे, कारण पत्ता आणि लोकेशन त्या शब्दात मोडतच नाही. डबेवाल्या मुलाला पत्ता दिला तरी कलम ६ मोडत नाही. पण वाचणाऱ्याला वाटतं, माझा पत्ता सुरक्षित आहे. तसंच ३० दिवसांत काढून टाकू म्हणतात, पण पत्ता, लोकेशन, खाण्याच्या सवयी यांचं तिथे नाव नाही.

म्हणजे ही चारही वाक्यं आपापल्या शब्दामुळेच उभी आहेत. शब्द एक केलात की त्यांतलं कुठलं तरी एक खोटं पडतं. आणि ते खोटं तुम्ही केलंत असं होईल.

पोहेप्रेमी

हं. हे मी बघितलं नव्हतं. टेंडरात व्याख्येचं पान वेगळं असतं आणि आम्ही ते उघडतही नाही, हेही आत्ता लक्षात आलं. मग करायचं काय?

दांडियाबाजार (वडोदरा)

आधी दुरुस्ती थांबवा आणि मोजणी करा. मी पॉलिसी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो आणि ही एक ओळ चालवतो:

```
grep -oiE "personal (data|information)|(user|your) (data|information)" policy.txt | sort | uniq -c
```

कुठला शब्दप्रयोग किती वेळा आला ते कळतं. `uniq` मोठं-लहान अक्षर वेगळं मोजतं, आणि ते इथे मुद्दाम हवं आहे. ओळ क्रमांक हवे असतील तर पुढची मोजणी काढून `-o` सोबत `-n` घाला.

मग एक वही घ्या किंवा एक्सेल उघडा. प्रत्येक ठिकाणासाठी एक ओळ: कलम, पूर्ण वाक्य, शब्द, आणि चौथ्या रकान्यात ‘इथे नेमकं काय म्हणायचंय’ हे वस्तूंच्या नावांनी. ‘माहिती’ असं लिहायचं नाही. ‘पत्ता, लोकेशन’ असं लिहायचं. तो चौथा रकाना भरताना जिथे पेन अडतं, तिथे प्रश्न आहे.

तिलकनगरकर

भाच्याकडून चालवून घेतलं. आधी सगळे मिळून वीसच्या आसपासच सापडले, मला तर वाचताना त्याहून बरेच जास्त दिसले होते. भाच्याने फाइल उघडून पाहिली तर पीडीएफमधून चिकटवताना ओळी मध्येच तुटलेल्या. `personal` एका ओळीच्या शेवटी आणि `information` पुढच्या ओळीवर, त्यामुळे ते पकडलंच जात नव्हतं. प्रत्येक परिच्छेद एका ओळीत केल्यावर हे आलं:

```
  4 Personal Data
  9 Personal Information
  2 User Data
  6 personal information
  7 user data
  5 your data
  3 your information
```

छत्तीस ठिकाणं, सात रूपं. नुसता ‘डेटा’ यात नाही, तो मी हाताने शोधतेय. आणि मोठ्या-लहान अक्षराचं काय? पुस्तकात मी ते सरळ एकसारखं करते.

खंडपीठरस्ता (इंदूर)

ताई, तिथे थांबा. मी वकील आहे, कागदपत्रांचं काम करतो. इंग्रजी कायदेशीर मजकुरात मोठ्या अक्षराने सुरू होणारा शब्द म्हणजे ‘व्याख्येत बघा’ अशी खूण. लहान अक्षर म्हणजे रोजच्या अर्थाने. तुमच्या नऊ ठिकाणी व्याख्येतली तीन गोष्टींची पर्सनल इन्फर्मेशन आहे, सहा ठिकाणी कदाचित ‘माणसाबद्दलची कुठलीही माहिती’. लिहिणाऱ्याच्या मनात हा फरक नव्हता हे मला दिसतंय, पण कागद मनातलं सांगत नाही. कलम ६ आणि ८ मध्ये कुठलं अक्षर आहे?

तिलकनगरकर

६ मध्ये मोठं. ८ मध्ये लहान.

खंडपीठरस्ता (इंदूर)

बघा, म्हणजे कलम ८ वर ग्राहक म्हणू शकतो की माझं सगळं पुसा, आणि कलम ६ वर कंपनी म्हणू शकते की पत्ता त्यात येत नाही. एकाच पॉलिसीत दोघांच्या हाती हत्यार.

आता ही सात रूपं आली कुठून, तेही बहुतेक वेळा मजकुरातच कळतं. ‘पर्सनल इन्फर्मेशन’ हा शब्द आपल्याकडे २०११ च्या आयटी नियमांत होता, वेबसाइटवर पॉलिसी टाकायची सक्तीही तिथलीच. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही हाच शब्द आहे, म्हणून अमेरिकन नमुन्यातून उतरवलेल्या कलमांत तो येतो, बरोबर ‘कन्झ्युमर’ही येतो. ‘पर्सनल डेटा’ हा युरोपच्या जीडीपीआरचा आणि आपल्या २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचा. युरोपच्या नमुन्यात ज्याची माहिती तो ‘डेटा सब्जेक्ट’, आपल्या कायद्यात ‘डेटा प्रिन्सिपल’. ‘पर्सनल डेटा’वाली तुमची चार ठिकाणं एकाच कलमात असतील तर ते कलम नंतर कुठून तरी आणून जोडलंय असं मी म्हणेन.

तिलकनगरकर

चारही कलम ९ मध्ये, तक्रार निवारणाच्या! आणि ‘डेटा सब्जेक्ट’ तिथे एकदा आहेच.

खंडपीठरस्ता (इंदूर)

म्हणजे ते युरोपच्या नमुन्यातून आलंय. इथल्या डब्यावाल्याला ‘डेटा सब्जेक्ट’ शब्दाचं काही काम नाही.

एक सावधगिरी. २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. म्हणून नवीन पॉलिसीला मी ‘पर्सनल डेटा’ सुचवतो. कायद्यातली व्याख्याही रुंद आहे: ज्यावरून किंवा ज्याच्या संदर्भात माणूस ओळखता येतो तो कुठलाही डेटा. पत्ता, लोकेशन, डब्याची आवड खात्याला जोडलेली असेल तर ती, सगळं त्यात बसतं. पण व्याख्या रुंद करायची हा निर्णय मालकाचा, मुद्रितशोधकाचा नाही. तुम्ही समासात प्रश्न लिहा.

शब्दवेडी (ग्वाल्हेर)

एक शंका, जरा बाजूची. हा मजकूर मराठीत आणायचा झाला तर? ‘डेटा’साठी ‘विदा’ आहे, मला तो आवडतो. ‘वैयक्तिक विदा’ आणि ‘वैयक्तिक माहिती’ असे दोन शब्द ठेवले तर मराठीत फरक स्वच्छ दिसेल. नाही तर दोन्हींना ‘माहिती’च म्हणतात आणि घोळ अजून वाढतो.

दांडियाबाजार (वडोदरा)

शब्दवेडी, दोन शब्द तेव्हाच, जेव्हा दोन गोष्टी असतील. इथे तर एक असावी की दोन तेच ठरलेलं नाही. आणि भाषांतरात उलटा अपघातही होतो: इंग्रजीत एकच शब्द असतो, दोन भाषांतरकार पानं वाटून घेतात, आणि एकाचा ‘डेटा’, दुसऱ्याची ‘माहिती’. मग वाचणारा नसलेला फरक शोधत बसतो. ‘विदा’बद्दल माझा आग्रह नाही, पण वडोदऱ्यात मी तो बोलताना कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

शब्दवेडी (ग्वाल्हेर)

ग्वाल्हेरातही नाही ऐकला, पण शब्द वापरल्याशिवाय तोंडी बसणार कसा? असो. नवीन कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा आहे, म्हणून हा प्रश्न येणारच. इंदूरचं ॲप म्हणजे आधी हिंदी. तिथे ‘उपयोगकर्ता’, ‘ग्राहक’ आणि ‘आप’ असे तीन शब्द एकाच पानावर मी पाहिलेत.

तिलकनगरकर

शब्दवेडी, तुम्ही ‘उपयोगकर्ता’ म्हणालात आणि माझी दुसरी अडचण आठवली. ‘युजर’. कलम २: युजर १८ वर्षांवरचा असावा. कलम ४: डबा पोचवताना युजरचं लोकेशन घेतलं जातं. कलम ५: डबा दिल्यावर युजर ॲपमध्ये ओटीपी टाकतो. कलम ७: युजर महिन्याचे पैसे आगाऊ भरतो. मला आधी हे चारही एकच वाटले. मग कळलं की ओटीपी टाकणारा तर डबा पोचवणारा मुलगा आहे!

दांडियाबाजार (वडोदरा)

यावर माझा उपाय अगदी साधा आहे. ‘युजर’च्या जागी खरी माणसं घालून वाक्य मोठ्याने वाचायचं. तुमच्याकडे तीन माणसं आहेत: खरगोनला राहून पैसे भरणारी आई, भंवरकुआँला डबा खाणारा मुलगा, आणि डबा पोचवणारा. कलम ४ मध्ये आई घाला: ‘डबा पोचवताना आईचं लोकेशन घेतलं जातं.’ नाही ना घेत? मुलगा घाला, जमलं. पोचवणारा घाला, तेही जमतं, आणि बहुधा दिवसभर त्याचंच घेतलं जातं. मग त्याच्या लोकेशनबद्दल पॉलिसी काय म्हणते? काहीच नाही, कारण तो ‘युजर’ आहे हे लिहिणाऱ्याला सुचलंच नाही.

क्लासवाल्याची_आई

मी नेहमी नुसती वाचते, आज लिहितेय, कारण ती खरगोनची आई म्हणजे मीच समजा. गाव वेगळं, एवढंच. माझा मुलगा इंदूरला क्लासला होता, तेव्हा सतरा वर्षांचा. एका मेसच्या ॲपवर (हे ॲप नव्हे) नोंदणी त्याच्या नंबरवर, पैसे माझ्या खात्यातून. क्लास संपला, आम्ही त्याला घरी आणला, नंबर बदलला. मी लिहिलं की आमचा पत्ता, नंबर, खात्याची नोंद काढून टाका. उत्तर आलं, ‘विनंती युजरने नोंदणीकृत नंबरवरून करावी.’ तो नंबर बंद झालेला. मी म्हटलं पैसे मी भरले, तर म्हणे तुम्ही युजर नाही. पण आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार नाहीत असं सांगताना मला सहा महिन्यांपूर्वी लिहिलं होतं, ‘युजरने अटी मान्य केल्या आहेत.’ तेव्हा मी युजर होते. चार महिने मेल पाठवले, मग सोडून दिलं.

तिलकनगरकर

ताई, तुमचं हे वाचून मी कलम ७ आणि ८ पुन्हा उघडलं. इथेही अगदी हेच होणार आहे. कलम ७ मध्ये युजर म्हणजे पैसे भरणारा, ८ मध्ये युजर म्हणजे नोंदणी केलेला नंबर. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

खंडपीठरस्ता (इंदूर)

आणि मुलगा सतराचा होता हाही मुद्दा आहे. २०२३ च्या कायद्यात १८ खालचा तो बालक, त्याच्या डेटासाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि बालकाच्या बाबतीत ‘डेटा प्रिन्सिपल’मध्ये पालकही येतात. कलम २ म्हणतं युजर १८ वरचा. खाणारा युजर असेल तर सतराच्या मुलाला डबाच देता येणार नाही. भरणारा युजर असेल तर खाणाऱ्याबद्दल पॉलिसी गप्प आहे.

राजवाडा_चौक

एवढा काथ्याकूट कशाला? पॉलिसी वाचतं कोण? मी तर खाली सरकवतो आणि ‘आय ॲग्री’.

क्लासवाल्याची_आई

दादा, मीही तसंच केलं होतं. नंतर मात्र मला त्यातल्याच एका शब्दावर परत पाठवलं.

पोहेप्रेमी

मग ‘युजर’ काढून सगळीकडे ‘तुम्ही’ का नाही करत? बऱ्याच पॉलिसीत तसंच असतं. वाचायलाही सोपं.

दांडियाबाजार (वडोदरा)

वाचायला सोपं आहे, आणि वाचणारा एकाच प्रकारचा असेल तर मीही तेच करतो. पण इथे ‘तुम्ही’ म्हटल्यावर आई वाचताना आई, मुलगा वाचताना मुलगा. कलम ८ मध्ये ‘तुम्ही मागणी करू शकता’ म्हटलं की दोघांनाही हक्क मिळाल्यासारखं वाटेल, ॲपचा माणूस मात्र नोंदणीचाच नंबर मागेल. माझ्या मते तीन नावं द्यावीत: खातेदार, डबा घेणारा, डबा पोचवणारा. पोचवणाऱ्यांसाठी तर वेगळी पॉलिसीच हवी.

खंडपीठरस्ता (इंदूर)

वेगळी पॉलिसी हवीच असं मी म्हणणार नाही. एकीतच वेगळं कलम चालेल. दोन कागद झाले की एक सुधारतात आणि दुसरा तसाच राहतो.

दांडियाबाजार (वडोदरा)

उलटंही पाहिलंय. एका कागदात तीन माणसं आली की सहा महिन्यांत पुन्हा ‘युजर’ शिरतो. पण ठीक, यावर आपलं एकमत व्हायलाच हवं असं नाही.

तिलकनगरकर

चार दिवसांनी परत आले. मी मजकुरात एकही ‘डेटा’ किंवा ‘युजर’ बदलला नाही. वही करून सतरा प्रश्न समासात लिहिले, प्रत्येकासमोर दोन्ही अर्थ लिहून. कलम ६ समोर असं लिहिलं: ‘पत्ता यात येतो का? येत असेल तर कलम ५ शी विरोध होतो. येत नसेल तर वाचणाऱ्याचा गैरसमज होतो. कुठलं?’

ॲपवाला मुलगा आधी वैतागला, मग घरी येऊन बसला. त्याने ठरवलं की व्याख्या रुंद करायची, कायद्यातला ‘पर्सनल डेटा’ सगळीकडे घ्यायचा. ‘डेटा सब्जेक्ट’ गेला. कलम ६ लगेच बदलावं लागलं. आता तिथे लिहिलंय की डबा पोचवण्यासाठी नाव, पत्ता आणि नंबर पोचवणाऱ्याला दिला जातो, त्याशिवाय कोणाला नाही. ‘त्याशिवाय कोणाला नाही’ म्हटल्यावर त्यालाच आठवलं की मेसेज पाठवणारी आणि पैसे घेणारी कंपनी वेगळी आहे. मग तीही दोन नावं आत आली.

कलम ८ वर मात्र अडलंय. सगळ्या पर्सनल डेटाला ३० दिवस लावले तर पैसे भरल्याच्या नोंदीही आल्या, आणि त्याचे सीए म्हणाले की जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. म्हणजे ‘३० दिवसांत सगळं काढू’ हे आता पाळताच येणार नाही.

खंडपीठरस्ता (इंदूर)

मग अपवाद नावाने लिहा. ‘कायद्याने ठेवावी लागणारी बिलं आणि पैशांच्या नोंदी सोडून’. नुसतं ‘काही माहिती’ लिहू देऊ नका, त्या ‘काही’त लोकेशनही जाऊन बसेल. आणि बिलावर पत्ता छापला जात असेल तर बिलातला पत्ता राहणार, खात्यातला जाणार, हेही स्पष्ट हवं.

तिलकनगरकर

बिलावर पत्ता आहे. हे त्याला विचारायला हवं होतं, अठरावा प्रश्न झाला. ‘युजर’चं असं ठरलंय: पैसे भरणारा ‘खातेदार’, खाणारा ‘डबा घेणारा’, आणि पोचवणाऱ्यांसाठी सध्या वेगळं कलम. १८ खालच्या मुलाची नोंदणी पालकाच्या नंबरवरून करायची की कशी, हे त्याने अजून ठरवलेलं नाही. तोवर कलम २ वर माझी पेन्सिलची खूण तशीच आहे.

क्लासवाल्याची_आई

त्याला एवढं सांगा, मागणी कोण करू शकतो तिथे खातेदार आणि डबा घेणारा दोघांचीही नावं घाल. आणि नंबर बंद झाला असेल तर काय करायचं, तेही एका ओळीत.

तिलकनगरकर

एकोणिसावा. आजच पाठवते.